नाइन-ट्वेंटी स्ट्रॅडल सोडून जाताना लिहिलेली हँडओव्हर नोट

नोकरी सोडताना सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे हँडओव्हर, आणि आमच्या लाइनमध्ये तर ते कुणी धड करतच नाही. मी पुण्यात एका छोट्या प्रॉप डेस्कवर स्ट्रॅटेजी लिहायचे, म्हणजे कंपनीच्याच पैशावर ऑप्शन्सचे ऑटोमॅटिक सौदे करणारा कोड. राजीनामा दिल्यावर सर म्हणाले, "त्या नाइन-ट्वेंटीचं एक डॉक्युमेंट करून जा, नवीन मुलगा येतोय." माझ्या हातात सिस्टीम आली तेव्हा मला मिळालं होतं एक फोल्डर, त्यात तीन स्क्रीनशॉट आणि final_v2_new नावाची एक शीट. त्यामुळे ह्यावेळी नीट लिहायचं असं ठरवलं होतं. ते कसं झालं ते इथे लिहितेय, कारण असलं काही लिहायची वेळ ज्यांच्यावर येते त्यांना मधले खड्डे आधी कळलेले बरे.

आधी स्ट्रॅटेजी काय ती सांगते. सकाळी ९:२० ला निफ्टीच्या जवळच्या एक्सपायरीचा ॲट-द-मनी, म्हणजे चालू भावाच्या सगळ्यात जवळच्या स्ट्राइकचा, कॉल आणि पुट दोन्ही विकायचे, दोघांना वेगवेगळा स्टॉप लॉस, म्हणजे एसएल, लावायचा, एक उडाला तर दुसरा चालू ठेवायचा, ३:१५ ला जे उरलं असेल ते बंद. संपलं. यूट्यूबवर शंभर व्हिडिओ सापडतील ह्याचे. समजा दोन्ही लेग, म्हणजे कॉल आणि पुट, १०० ला विकले आणि एसएल २५ टक्के आहे. मार्केट वर गेलं, कॉल १२५ ला उडाला, २५ गेले, पण पुट दिवसभरात ४० वर आला तर तिथे ६० मिळाले, निव्वळ ३५. मार्केट नुसतं झोपलं तर दोन्हीकडून मिळतं. मार खायचा दिवस म्हणजे आधी वर जाऊन कॉल उडवणारा आणि मग खाली येऊन पुटही उडवणारा. दोन्ही मिळून ५० गेले, तेव्हाच्या ७५ च्या लॉटला ३,७५०, वर खर्च वेगळा.

नियम लिहायला एक दुपार पुरली. कोड समोर होता, वाचत गेले आणि लिहित गेले. चार पानं झाली आणि मला वाटलं झालंच की. मग नवीन मुलगा जॉइन झाला, हुशार आहे, इंजिनिअरिंग करून दोन वर्षं डेटाचं काम केलेला, त्याला ती चार पानं दिली. त्याने वाचून पहिलाच प्रश्न विचारला, "मॅम, ९:२० च का? ९:१७ का नाही?" आणि माझ्या लक्षात आलं की ह्याचं उत्तर चार पानांत कुठेच नाहीये, आणि कोडमध्ये तर ते असूच शकत नाही, कोडमध्ये फक्त entry_time = "09:20" एवढंच आहे.

उत्तर असं की मार्केट ९:१५ ला उघडतं तेव्हा पहिली काही मिनिटं ऑप्शनमध्ये घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा भाव ह्यांत बरीच दरी असते. बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या डेटावर चालवून बघताना, ९:१६ ची एंट्री भारी दिसते, कारण तिथे प्रीमियम, म्हणजे ऑप्शनचा भाव, फुगलेला असतो आणि बॅकटेस्ट त्या मिनिटाच्या क्लोजला तुम्हाला आरामात विकून देतो, प्रत्यक्षात त्या भावाला कुणी घ्यायला उभंच नसतं. ९:२० पर्यंत दरी मिटते. म्हणजे हा आकडा नफा बघून निवडलेला नाही, फिल मिळतो का, म्हणजे सौदा खरंच भरला जातो का, ते बघून निवडलाय. हे माहीत नसलेला माणूस पहिल्या महिन्यातच ऑप्टिमायझर चालवून "९:१६ ला जास्त रिटर्न आहे" म्हणून एंट्री बदलणार, शंभर टक्के. दुसरी बाजू पण लिहावी लागली, की ९:२० ही वेळ आता फार लोकांची झालीय, बरोब्बर ९:२०:०० ला सगळ्यांचे ऑर्डर एकदम पडतात, म्हणून आमचा कोड पुढच्या चाळीस सेकंदांत कधीतरी रँडम वेळेला ऑर्डर टाकतो. बाहेरून बघणाऱ्याला ती रँडम ओळ म्हणजे बग वाटेल.

तेव्हा मी नोटचा साचाच बदलला. प्रत्येक नियमाखाली तीन गोष्टी लिहायच्या: हा नियम का आहे, काय खरं आहे असं धरून तो चालतो, आणि ते खरं राहिलं नाही तर पहिल्यांदा कुठे दिसेल. तिसरी गोष्ट लिहिताना खरी वाट लागते.

ॲट-द-मनी स्ट्राइक म्हणजे कुठला, हे साधं वाटतं. मुलाने निफ्टी स्पॉट घेतला, जवळचा पन्नासचा आकडा पकडला, झालं. आमचा कोड तसं करत नाही. समजा स्पॉट २४,५१२ आहे, जवळचा स्ट्राइक २४,५००. तिथे कॉल १४२ आणि पुट १०८ चालू आहे. ह्याचा अर्थ ऑप्शन मार्केट निफ्टीला २४,५१२ समजतच नाहीये. स्ट्राइकमध्ये कॉल मिळवा, पुट वजा करा, २४,५०० अधिक १४२ वजा १०८, आले २४,५३४. हा झाला सिंथेटिक फ्युचर, आणि त्याच्या जवळचा स्ट्राइक २४,५५० आहे. २४,५०० वर विकलं असतं तर कॉल पुटापेक्षा ३४ रुपयांनी महाग, म्हणजे न्यूट्रल पोझिशन म्हणता म्हणता तुम्ही सुरुवातीलाच मार्केट पडेल अशी बाजू घेतलेली असते. २४,५५० वर तोच फरक निम्म्यावर येतो. एक्सपायरीच्या दिवशी स्पॉट आणि सिंथेटिक जवळपास एकच असतात त्यामुळे चूक दिसत नाही, एक्सपायरी लांब असली की दिसते, आणि म्हणून असली चूक महिनोन्महिने कुणाला सापडत नाही. नोटमध्ये लिहिलं: एंट्रीच्या वेळी कॉल आणि पुटच्या भावात २५ पेक्षा जास्त फरक सलग दोनतीन दिवस दिसला तर आधी स्ट्राइक निवडणारं फंक्शन बघ, मार्केटला दोष नंतर.

आता एसएल. ह्यावर नोटमधली सगळ्यात जास्त पानं गेलीयत.

एनएसईने सप्टेंबर २०२१ मध्ये ऑप्शन्ससाठी एसएल-एम, म्हणजे ट्रिगर लागला की मार्केट भावाला घे हा प्रकार बंद केला. त्याच्या आधी फ्रीक ट्रेड होत होते, क्षणभर भलत्याच भावाला सौदा व्हायचा आणि लोकांचे एसएल तिथे भरले जायचे. तेव्हापासून ट्रिगरबरोबर लिमिट द्यावीच लागते. आमच्याकडे लिमिट ट्रिगरच्या ५ टक्के वर आहे. १०० ला विकलेल्या कॉलचा ट्रिगर १२५, लिमिट १३१.२५. भाव १२३, १२४, १२५, १२६ असा चालत वर गेला तर सगळं छान. पण १२३ नंतरचा पुढचा सौदाच १३४ ला झाला तर? ट्रिगर लागला, तुमची ऑर्डर बुकात आली, पण ती म्हणतेय १३१.२५ च्या वर घेणार नाही, आणि मार्केट १३४ वर उभं आहे. ती तिथेच लटकते. भाव १५० होतो, १७० होतो, आणि तुम्हाला वाटतंय आपला एसएल लागलेला आहे.

हे ओळखायचं कसं तर टर्मिनलवरच्या स्टेटसवरून. ऑर्डर आधी `TRIGGER PENDING` दिसते, भरली की `COMPLETE`. मधलं `OPEN` हे स्टेटस एरवी डोळ्याला दिसतसुद्धा नाही इतकं पटकन जातं. ते तीन सेकंद टिकलं तर ऑर्डर लटकलीय असं समजायचं. कोडमध्ये त्यासाठी पाठलाग करणारा भाग आहे, तो तीन सेकंदांनी लिमिट उचलून समोरच्या विक्रेत्याच्या भावाच्या थोडी वर नेतो, परत तीन सेकंद, परत. मुलगा म्हणाला मग लिमिट सरळ २० टक्के वर ठेवू ना, कटकटच नको. मी म्हटलं तसं केलंस तर ती एसएल-एमच झाली की, ज्या फ्रीक भावांसाठी ती बंद केली तेच भाव तुला मिळतील. ५ टक्के हा काही शास्त्रीय आकडा नाही, पातळ बुकातही फार वाईट भाव मिळू नये आणि नेहमीच्या उड्यांमध्ये मागेही पडू नये असा मधला आहे. हे गृहीतक म्हणून लिहिलं, आणि त्याखाली लिहिलं की पाठलाग करणारा भाग चालायला ब्रोकरचं कनेक्शन जिवंत असलं पाहिजे. नेमकं मार्केट उसळतं तेव्हाच कनेक्शन मंदावतं. ही ह्या सिस्टीमची सगळ्यात मोठी कमजोरी आहे आणि तिच्यावर कोडमध्ये पूर्ण इलाज नाही, दुसऱ्या ब्रोकरकडे उलटी पोझिशन घ्यायची सोय ठेवणं एवढाच आहे, आणि ती हाताने करायची.

ह्याच भागात २४ फेब्रुवारी २०२१ लिहिला. त्या दिवशी सकाळी ११:४० ला एनएसई बंद पडली. लोक वाट बघत बसले, आणि मग दुपारी ३:४५ ला मार्केट परत उघडून संध्याकाळी ५ पर्यंत चाललं. आता आमच्या कोडचा विचार कर, तो घड्याळ बघतो. ३:१५ ला तो बंद मार्केटवर एक्झिट टाकणार, रिजेक्ट येणार, तीनदा प्रयत्न करणार आणि दमून दिवस संपला म्हणणार. ३:४५ ला मार्केट उघडेल तेव्हा पोझिशन उघडी आणि कोड झोपलेला. असं पुन्हा होईल का, माहीत नाही, पण झालं तर काय करायचं हे त्या दिवशी शोधत बसायची गोष्ट नाही. नोटमध्ये सरळ लिहिलंय: एक्स्चेंज थांबलं की कोड बंद कर, पोझिशन कागदावर लिहून काढ, आणि उघडल्यावर हाताने बाहेर पड. कोडवर ह्या बाबतीत विश्वास ठेवू नको.

मग आला गृहीतकांचा बाप, म्हणजे वार.

आमची जुनी सेटिंग अशी होती:

```
sl_pct = {"MON": 0.30, "TUE": 0.30, "WED": 0.25,
          "THU": 0.40, "FRI": 0.25}
```

वेगवेगळ्या वाराला वेगळा एसएल का, ते आधी सांगते. निफ्टीची एक्सपायरी तेव्हा गुरुवारी असायची. एक्सपायरीच्या सकाळी ॲट-द-मनी ऑप्शन समजा ६५ रुपयांचा आहे. २५ टक्के एसएल लावला तर १६ रुपये. ॲट-द-मनीला निफ्टी दोन पॉइंट हलला की ऑप्शन साधारण एक रुपया हलतो, म्हणजे फक्त ३२ पॉइंट. निफ्टी एवढा चहा प्यायला जाऊन येईपर्यंत हलतो. तेच एक्सपायरी चार दिवस लांब असताना प्रीमियम १६० असेल तर २५ टक्के म्हणजे ४० रुपये, म्हणजे ८० पॉइंट. टक्का एकच, पण मार्केटला दिलेली जागा अडीचपट. म्हणून एक्सपायरीला ४० टक्के. वार हे नुसतं सोयीचं नाव होतं, खरी गोष्ट एक्सपायरीला किती दिवस उरलेत ही होती.

आणि १ सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्सपायरी मंगळवारी गेली. पहिली मंगळवारची एक्सपायरी २ सप्टेंबरला झाली. जुन्या सेटिंगवर चालू ठेवलं असतं तर एक्सपायरीच्या मंगळवारी ३० टक्के आणि काही संबंध नसलेल्या गुरुवारी ४० टक्के लागले असते, आणि कोडने एकही एरर दिली नसती. त्यामुळे आधीच ते असं करून ठेवलं होतं:

```
sl_pct = {0: 0.40, 1: 0.25, 2: 0.30,
          3: 0.30, 4: 0.25}
```

डावीकडचा आकडा म्हणजे एक्सपायरीला उरलेले ट्रेडिंगचे दिवस. मुलाला हे दाखवलं तर तो खूश, म्हणाला मग प्रश्न सुटला. मलाही नोट लिहायला बसेपर्यंत बऱ्यापैकी तसंच वाटत होतं, पण "काय खरं आहे असं धरून" हा रकाना भरायला घेतला आणि पेन अडलं. कारण १ साठी जो ०.२५ आहे तो आलाय कुठून, तर गेल्या कितीतरी वर्षांच्या बुधवारांवरून. बुधवारच्या आदल्या दिवशी मंगळवारी मार्केट चालू असायचं. आता एक्सपायरीच्या आदला दिवस सोमवार आहे, म्हणजे शनिवार-रविवारची सगळी बातमी गिळून उघडणारा दिवस. आणि ४ साठीचा ०.२५ जुन्या शुक्रवारांवरून आलाय, ज्यांच्यापुढे सुट्टीचे दोन दिवस होते आणि दुपारनंतर प्रीमियम त्या सुट्टीच्या हिशेबाने उतरायचा. आता ४ म्हणजे बुधवार, त्याच्यापुढे गुरुवार. शुक्रवार आता २ झालाय. आकडा तोच ठेवून आम्ही दिवस बदललाय, आणि मंगळवारवाला नवा डेटा अजून इतका थोडा आहे की त्यावर नवीन आकडे काढणं म्हणजे मनाचे श्लोक.

हे नोटमध्ये जसंच्या तसं लिहिलं: १, २ आणि ४ चे आकडे उसने आहेत, ० आणि ३ त्यातल्या त्यात बरे. निदान वर्षभराचा मंगळवारचा डेटा जमेपर्यंत बदलू नको, पण ह्या तीन दिवशी लॉट निम्मे ठेव. सरांना ते निम्मे लॉट आवडले नाहीत, "कमाई कमी होईल" म्हणाले. होईल. नोटमध्ये त्यांचं म्हणणंही लिहून ठेवलं, निर्णय पुढच्या माणसाने घ्यावा पण दोन्ही बाजू वाचून.

एक्सपायरी ओळखायला वार अजिबात वापरायचा नाही, ब्रोकरकडून रोज सकाळी येणारी कॉन्ट्रॅक्टची फाइल वाचायची, त्यात तारीख असते. उदाहरण म्हणून ऑक्टोबर २०२५ ची दिवाळी लिहिली. मंगळवारी २१ तारखेला लक्ष्मीपूजन, मार्केटला सुट्टी, म्हणून एक्सपायरी एक दिवस आधी सोमवारी २० ला. पण २१ ला दुपारी १:४५ ते २:४५ मुहूर्त ट्रेडिंग होतं, म्हणजे "मार्केट उघडं का" असं नुसतं विचारणाऱ्या कॅलेंडरने हो म्हटलं असतं आणि मंगळवार आहे, एक्सपायरी आजच, असा निष्कर्ष काढला असता. सोमवारी ४० टक्के लागायच्या ऐवजी २५ लागले असते. शेअर मार्केटात लक्ष्मी यायचा मुहूर्त आणि आपल्याकडून ती जायचा मुहूर्त एकच, असं काहीसं.

बॅकटेस्टच्या बाबतीत मी नोटमध्ये एक मोठा ग्राफ टाकलाच नाही. सरांना पाहिजे होता, तो वर जाणारा गुळगुळीत. पण तो ग्राफ म्हणजे चारपाच वेगवेगळ्या बाजारांना शिवलेली गोधडी आहे. निफ्टीचा लॉट २०२१ मध्ये ७५ चा ५० झाला, एप्रिल २०२४ मध्ये २५ झाला, आणि सेबीच्या ऑक्टोबर २०२४ च्या नियमांनंतर परत ७५, तो २०२५ च्या अखेरपर्यंत होता. त्याच नियमांत प्रत्येक एक्स्चेंजला एकाच इंडेक्सची साप्ताहिक एक्सपायरी राहिली, बँक निफ्टीची शेवटची साप्ताहिक १३ नोव्हेंबर २०२४ ला झाली, आणि एक्सपायरीच्या दिवशी शॉर्ट ऑप्शनला २ टक्के जादा मार्जिन आलं. विकताना लागणारा एसटीटी हा कर एप्रिल २०२३ मध्ये ०.०५ चा ०.०६२५ टक्के आणि १ ऑक्टोबर २०२४ ला ०.१ टक्के झाला. १०० रुपयांचा ऑप्शन, ७५ चा लॉट, ७,५०० चा प्रीमियम, एसटीटी आधी ४.६९ होता तो तेव्हा ७.५० झाला. ऐकायला चिल्लर वाटते, पण ही स्ट्रॅटेजी रोज विकते, दोन लेग, आणि एका सौद्यात सरासरी उरणारा नफाही चिल्लरच असतो, त्यामुळे ह्या चिल्लरीनेच तो अर्धा होऊ शकतो. ग्राफऐवजी मी प्रत्येक कालखंडाचा वेगळा निकाल टाकला, आजच्या खर्चाने. दिसायला खूपच कमी देखणा आहे.

आणि एक गोष्ट, जी मी येण्याच्या आधीपासून चालत आलीय, ती म्हणजे न खेळायच्या दिवसांची यादी. बजेट, आरबीआयचं धोरण, निवडणूक निकाल. ४ जून २०२४ त्यात आहे, निकालाच्या दिवशी निफ्टी जवळजवळ ६ टक्के पडला होता, त्या दिवशी बाहेर बसणं कुणालाही पटेल, आणि ती तारीख आधीच माहीत होती. पण यादीत काही तारखा अशाही सापडल्या की ज्यांचं काही कारणच नाही, साधे मंगळवार-बुधवार. बॅकटेस्टमध्ये उघडून बघितलं तर त्या सगळ्या मोठ्या तोट्याच्या तारखा. कुणीतरी कधीतरी तोटा बघून मागाहून तारीख यादीत टाकलीय आणि ग्राफ सुंदर केलाय. मी यादी दोन भागांत तोडली, जी तारीख आदल्या दिवशी माहीत असू शकते ती ठेवली, बाकीच्या काढून टाकल्या. सगळ्यात मोठा ड्रॉडाउन, म्हणजे वरच्या टोकापासून खालपर्यंत झालेला तोटा, लगेच वाढला. तोच आकडा नोटमध्ये लिहिलाय आणि थांबायचा नियम त्याच्यावर बांधलाय: त्याच्या दीडपट तोटा झाला की कुणालाही न विचारता बंद.

खरं तर ड्रॉडाउनची वाट बघणं म्हणजे उशीरच. त्याच्या आधी कळायची एक जागा आहे. दर शुक्रवारी त्या आठवड्याचे प्रत्यक्ष सौदे आणि त्याच दिवसांवर चालवलेला बॅकटेस्ट शेजारी ठेवायचे आणि फक्त भावांतला फरक बघायचा, नफा-तोटा नाही. एंट्रीला किती कमी मिळाले, एसएलला किती जास्त गेले. बॅकटेस्ट मिनिटाच्या डेटावर चालतो, एसएल ट्रिगरच्याच भावाला भरला असं धरतो, आणि एकाच मिनिटात दोन्ही लेग उडाले तर कुठला आधी ते त्याला सांगता येत नाही. त्यामुळे फरक असणारच. तो फरक वाढत गेला तर स्ट्रॅटेजी आतून पोखरली जातेय, मग त्या महिन्यात नफा का असेना.

नोट पूर्ण झाल्यावर मी त्याला कोड उघडू दिला नाही. म्हटलं, मागचा एक आठवडा घे, फक्त ही नोट आणि मिनिटाचा डेटा वापरून हाताने सौदे लिही, मग लॉगशी जुळवू. तो वैतागला पण बसला. स्ट्राइक सगळे जुळले, सिंथेटिकचं पान कामी आलं. एसएल एका दिवशी जुळला नाही. त्याने कॉलचा ट्रिगर १२२.९० लिहिला होता आणि लॉगमध्ये १२२.९५. विक्री ९८.३५ ला, २५ टक्के वर म्हणजे १२२.९३७५, ऑप्शनचे भाव पाच पैशांच्या पायरीने चालतात, त्याने खाली ओढलं आणि कोड वर ओढतो. नोटमध्ये त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. पाच पैशांनी काय होतंय म्हणाल, तर त्याच दिवशी भाव १२२.९० ला शिवून परत फिरला होता. त्याच्या हिशेबात कॉल उडाला, लॉगमध्ये तो ३:१५ पर्यंत जिवंत राहून नफ्यात बंद झाला.

दुसरा फरक आणखी मजेशीर. एके दिवशी आमची विक्री दोन तुकड्यांत भरली होती, काही ११०.२० ला आणि काही १०९.६० ला. त्याने एंट्रीच्या मिनिटाचा क्लोज धरून एसएल काढला, कोड खऱ्या फिलची सरासरी धरतो. दोन्ही पद्धती योग्यच आहेत, पण बॅकटेस्टमध्ये फिल नसतोच त्यामुळे तिथे क्लोज आणि लाइव्हमध्ये सरासरी असा फाटा आहे, आणि तो कुठेच लिहिलेला नव्हता. ती दोन पानं वाढली. त्याला म्हटलं आता ह्या पुढची पानं तू लिही, आणि प्रत्येक बदलाखाली तारीख टाक.

बाकीचं पटकन. रोज सकाळी लॉगिनचा टोकन घ्यावा लागतो, तो ८:४५ च्या आत झाला नाही तर मोबाइलवर मेसेज येतो. ब्रोकरकडे नोंदवलेला आयपी बदलला तर ऑर्डर जाणारच नाहीत, ऑफिसचं इंटरनेट बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं तर आधी ह्या नवीन मुलाला विचारा. निफ्टीत एका ऑर्डरला १,८०० ची मर्यादा आहे, म्हणजे तेव्हाच्या ७५ च्या हिशेबाने २४ लॉट, त्याच्या वर गेलं की कोड तुकडे करतो, आणि लॉटचा आकडा कोडमध्ये लिहायचा नाही, तोही त्याच कॉन्ट्रॅक्ट फाइलमधून घ्यायचा.

शेवटच्या आठवड्यात त्याने टाकलेली पहिली नोंद वाचली. पाच टक्के बफर एक्सपायरीच्या दिवशी पुरतो का ह्याबद्दल होती: प्रीमियम ६५, ४० टक्के एसएल म्हणजे ट्रिगर ९१, लिमिट ९५.५५, मध्ये साडेचार रुपये, आणि एक्सपायरीला दोन वाजल्यानंतरच्या उड्या त्याने लॉगमधून काढून खाली लावल्या होत्या. त्याच्या मते त्या दिवशी बफर टक्क्यात नको, रुपयांत पाहिजे. मी खाली एवढंच लिहिलं की आधी एका लॉटवर महिनाभर चालवून बघ, आणि पाठलागवाला भाग त्या काळात बंद करू नको.